कोलेस्ट्रॉलची गोळी आणि दुखणाऱ्या मांड्या: काय सोसायचं, काय तपासायचं, कधी तडक दवाखाना गाठायचा

खान्देशातल्या कुठल्याही ओपीडीत हे वाक्य कानावर पडतंच: "डॉक्टर, पाय दुखी ऱ्हायनात." रुग्णाची कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू होऊन महिना झालेला असतो आणि दुखायला लागल्यावर त्याने दोनपैकी एक चूक आधीच केलेली असते. एक तर कुणाला न विचारता सगळ्याच गोळ्या बंद केलेल्या असतात, नाहीतर गोळी चालू ठेवून गावातच दुखण्याची दोन-तीन इंजेक्शनं घेतलेली असतात. पहिल्या चुकीत हृदयाचा धोका वाढतो. दुसरीत दुखण्याचं कारण झाकलं जातं आणि तपासणीचे आकडेही बिघडतात.

इथे फक्त स्टॅटिन गटातल्या औषधांबद्दल लिहिलं आहे. आपल्याकडे यातली दोन नावं सर्रास दिसतात, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. तिसरा टप्पा सोडून थेट पाचव्यावर गेलात, तर रिपोर्ट हातात येईल पण त्याचा अर्थ लागणार नाही.

## १. गोळी सुरू करण्याआधी

पहिली गोळी घेण्याच्या आदल्या दिवशी एका कागदावर आधीपासूनची दुखणी लिहा. गुडघा, कंबर, मान, पिंढऱ्यांत रात्री येणारे गोळे, जे असेल ते सगळं, कधीपासून आहे त्यासकट. पन्नाशीच्या पुढच्या, शेतात राबणाऱ्या माणसाला काहीच दुखत नाही असं सहसा नसतं. पण गोळी सुरू झाली की जुनं दुखणंही तिच्याच खात्यावर टाकलं जातं, आणि महिन्याभराने आधी काय होतं ते नीट आठवत नाही.

दुसरं काम रक्ततपासणीचं. कोलेस्ट्रॉलच्या रिपोर्टसोबत थायरॉइडची टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृतासाठी एसजीपीटी करून घ्यावी, असं डॉक्टरांना विचारा. यात टीएसएच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. थायरॉइड मंदावला असेल तर एकीकडे कोलेस्ट्रॉल वाढतं आणि दुसरीकडे स्नायू दुखतात. अशा माणसाला स्टॅटिन दिलं की त्रास होण्याची शक्यता जास्त असते. थायरॉइडचं औषध सुरू केल्यावर काहींचं कोलेस्ट्रॉल बरंचसं आपोआप उतरतं. स्नायूंची सीपीके ही तपासणी सुरुवातीला सगळ्यांना लागत नाही. मात्र आधीच स्नायू दुखत असतील, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, घरात कुणाला स्नायूंचा आजार असेल किंवा पूर्वी अशा गोळीने त्रास झाला असेल, तर ती आधी करून ठेवलेली बरी.

तिसरं काम स्ट्रिप वाचण्याचं. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा आणि त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेले असतात ते बघा. आपल्याकडे एकाच गोळीत किंवा कॅप्सूलमध्ये दोन-तीन औषधं एकत्र असणं नेहमीचं आहे. रोझुव्हास्टॅटिनसोबत फेनोफायब्रेट असतं, तर कधी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असतं.

सावधान: स्टेंट बसवलेला असेल किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर तुमच्या "कोलेस्ट्रॉलच्या कॅप्सूल"मध्ये रक्त पातळ ठेवणारी औषधंही असू शकतात. पाय दुखतात म्हणून ती कॅप्सूल बंद केली की अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलही त्याच दिवशी बंद होतात. स्टेंट नवा असेल तर त्यात गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. रुग्णाच्या मते त्याने फक्त चरबीची गोळी थांबवलेली असते. स्टॅटिन खरोखर थांबवायचंच ठरलं, तर रक्त पातळ ठेवणारी औषधं सुटी लिहून मिळाल्याशिवाय कॅप्सूल सोडू नका.

## २. पहिले सहा आठवडे

गोळीमुळे स्नायूंना त्रास होणार असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या चार ते सहा आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यानंतर दिसतो. पाच वर्षं तीच गोळी, तोच डोस सुरळीत चालू असताना अचानक पाय दुखायला लागले, तर गोळीवर संशय नंतर घ्या. आधी काय नवं घडलं ते शोधा. ते चौथ्या टप्प्यात येईल.

या काळात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, घरातच ताकद बघा. साधी प्लास्टिकची किंवा लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी घालून बसा आणि हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. आकडा तारखेसह लिहा. पहिली मोजणी गोळी सुरू होण्याआधीची असावी. इतरांशी तुलना नको, तुमची तुलना तुमच्याच पहिल्या आकड्याशी. गुडघ्यांमुळे हे जमत नसेल तर फडताळातल्या वरच्या खणातून डबा काढताना किंवा केस विंचरताना हात उचलून धरता येतो का, एवढं बघा.

हे मोजायचं कारण असं की दुखणं आणि ताकद जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "अशक्तपणा वाटतो" हे वाक्य डॉक्टरांना फारसं काही सांगत नाही, कारण झोप न होणं, साखर वाढणं, रक्त कमी असणं, सगळ्यालाच माणूस अशक्तपणा म्हणतो. "महिन्यापूर्वी अर्ध्या मिनिटात ११ वेळा उठत होतो, आता ६ वेळा होतं" हे वाक्य ऐकलं की डॉक्टर खुर्चीत सावरून बसतात.

तपासा: आकडा एखाद-दोनने मागेपुढे झाला तर काळजी नको. सलग दोन आठवडे तो उतरत असेल तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा.

## ३. दुखायला लागलं: आधी जागा नक्की करा

स्टॅटिनच्या दुखण्याची एक चाल असते. ते दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि मोठ्या स्नायूंत असतं, म्हणजे मांड्या, नितंब, पिंढऱ्या, कधी दोन्ही खांदे आणि पाठ. माणूस म्हणतो, "मांड्या भरून आल्यात, काल दिवसभर डोंगर चढल्यासारखं झालंय." ते रोज थोडंफार असतं आणि गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी आलेलं असतं.

आता याच्याशी न जुळणारी दुखणी बघू. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते.

केळीचे घड ज्या खांद्यावरून वाहतात तोच खांदा दुखत असेल तर ते कामाचं दुखणं आहे. गोळी उजवा-डावा भेद करत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कमरेत आणि मानेत कळ येते, दोन दिवस सुट्टी घेतली की उतरते, तेही वेचणीचं. कमरेतून निघून एकाच पायात करंट मारल्यासारखी जाणारी कळ मणक्याच्या नसेची. तळव्यांची आग आणि मुंग्या या मधुमेहात नसांमुळे होतात. सांधे सुजले, सकाळी बोटं मिटत नाहीत आणि काही आठवड्यांपूर्वी ताप येऊन गेला असेल, तर चिकुनगुनियाचा विचार करा. त्यात दुखणं सांध्यात असतं, स्नायूच्या पोटात नसतं.

एक दुखणं मात्र मुद्दाम वेगळं काढा. चालताना ठरावीक अंतरावर पिंढरी आवळते, थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळी होते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा आवळते. ही पायाच्या रक्तवाहिनीत चरबी साठून अडथळा आल्याची खूण असते, विशेषतः तंबाखू-विडीचं व्यसन किंवा मधुमेह असलेल्यांमध्ये. या माणसाने "पाय दुखतात" म्हणून स्टॅटिन बंद केलं, तर ज्या आजाराला त्या गोळीची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचंच औषध गेलं.

दुखणं गोळीच्या चालीचंच असलं तरी ते गोळीमुळेच आहे असं ठरत नाही, हे थोडं विस्ताराने सांगायला हवं. २०२२ साली अनेक मोठ्या चाचण्यांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यांत अर्ध्या लोकांना खरी गोळी आणि अर्ध्यांना दिसायला तशीच बिनऔषधाची गोळी दिलेली होती. स्नायू दुखण्याच्या तक्रारी दोन्ही गटांत जवळपास सारख्याच होत्या. पहिल्या वर्षात स्टॅटिन घेणाऱ्यांनी केलेल्या अशा १५ तक्रारींपैकी साधारण एकच प्रत्यक्ष औषधामुळे होती, आणि पहिल्या वर्षानंतर दोन गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. त्याआधी, २०२० साली, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने नकली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्यातला सुमारे ९० टक्के नकली गोळीवरही झाला. दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ नाही. दुखत होतंच, पण कारण गोळीतलं रसायन नव्हतं. घरातल्यांनी "तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हणायला हे आकडे वापरू नयेत आणि रुग्णानेही तक्रार दाबून ठेवू नये.

म्हणून सौम्य दुखणं, दोन्ही बाजूंना, कामात अडथळा नाही, खुर्चीचा आकडा टिकून आहे आणि लघवी नेहमीसारखी आहे, अशी परिस्थिती असेल तर गोळी चालू ठेवून नोंद करत राहा आणि पुढच्या भेटीत सांगा. दुखण्यामुळे झोप मोडते, जिना चढवत नाही, शेतावर जाणं सुटलं, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटा. स्टेंटवाल्यांनी दुखणं सौम्य असलं तरी गोळी सोडण्याआधी फोन करावा.

तातडीची खूण: लघवी तपकिरी, कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी होणं, जमिनीवरून, खुर्चीवरून किंवा खाटेवरून उठता न येणं, स्नायूंच्या तीव्र वेदनेसोबत ताप, उलट्या किंवा लघवी कमी होणं. यातलं एकही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. जिथे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम लगेच तपासता येईल आणि मूत्रपिंड सांभाळता येईल अशाच ठिकाणी जा. गावातल्या सलाइनवर थांबू नका. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटल्या की त्यातला लाल पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात अडकतो. हे फार दुर्मिळ आहे. पण यात तास मोजायचे असतात.

लघवीच्या रंगात फसगत होते. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा पाणी कमी पडून लघवी गडद पिवळी होते. दोन-तीन तांबे पाणी प्यायल्यावर काही तासांत ती फिकट झाली तर ते उन्हाचं. बी-कॉम्प्लेक्सने लघवी झगझगीत पिवळी होते आणि क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने केशरी. तपकिरी रंग वेगळा कळतो. शंका वाटली तर पारदर्शक बाटलीत घेऊन उजेडात बघा आणि तीच बाटली सोबत न्या.

## ४. गोळीसोबत दुसरं काय सुरू झालं?

हा टप्पा वगळला जातो, आणि गंभीर त्रासाचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं. स्टॅटिन शरीरातून बाहेर टाकायची यकृताची एक वाट असते. दुसऱ्या एखाद्या औषधाने ती वाट अडवली की रोजचीच गोळी रक्तात साठत जाते. तुम्ही २० मिलिग्रॅम घेत असता आणि शरीराला मात्र त्याच्या कितीतरी पट डोस पोचत असतो.

आपल्याकडे याचं पहिलं नाव इट्राकोनॅझोल. गजकर्णासाठी ही कॅप्सूल आठवडेच्या आठवडे दिली जाते, आणि चिठ्ठी नसतानाही मेडिकलवरून आणली जाते. त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळीबद्दल कुणी सांगत नाही, कारण खाजेचा आणि कोलेस्ट्रॉलचा संबंध काय, असं वाटतं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्याला इट्राकोनॅझोल देणं म्हणजे ती वाट बंद करणं. खोकला-तापासाठीचं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही तेच करतं. ते पाच-सात दिवसांचं असेल तर डॉक्टर बहुधा तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायला सांगतात. रक्तातल्या ट्रायग्लिसराइड या चरबीसाठीचं जेमफायब्रोझिल स्टॅटिनसोबत घेऊ नये. फेनोफायब्रेट त्यामानाने चालतं, पण लक्ष ठेवावं लागतं. युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे दुखण्याच्या आजारासाठी, म्हणजे गाउटसाठी, कोल्चिसिन चालू असेल, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल, तर तेही सांगा.

औषधाव्यतिरिक्त दोन गोष्टी विचारात घ्या. रोजची दारू, मग ती देशी असो की मोहाची, स्वतंत्रपणे स्नायूंना इजा करते. आणि जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं असेल तर ते भरून येईपर्यंत स्टॅटिन घ्यावं का, हे फोनवर विचारा.

तपासा: गेल्या दोन महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक औषधाची रिकामी स्ट्रिप, आयुर्वेदिक चूर्णाचा डबा आणि मलमाची ट्यूबसुद्धा एका पिशवीत घाला आणि पिशवीच डॉक्टरांसमोर ठेवा. "ती पांढरी लांबट गोळी" या वर्णनावरून कुणालाही काही कळत नाही.

## ५. सीपीके तपासणी नीट कशी करावी

सीपीके म्हणजे स्नायूच्या पेशीतलं एक एन्झाइम. पेशीला इजा झाली की ते रक्तात येतं. लॅबला "सीपीके टोटल" सांगा. "सीपीके-एमबी" ही हृदयाच्या इजेसाठीची वेगळी तपासणी आहे, आणि चिठ्ठीवरच्या घाईच्या अक्षरामुळे ती चुकून होते. पैसे जातात आणि हवा तो आकडा मिळत नाही.

रक्त कधी द्यायचं हे महत्त्वाचं. जड काम केल्यावर सीपीके आपोआप वाढतं आणि पुढचे काही दिवस वाढलेलं राहतं. रविवारी दिवसभर केळीचे घड वाहिले आणि सोमवारी रक्त दिलं, तर औषध न घेणाऱ्या धडधाकट माणसाचाही आकडा मर्यादेच्या कितीतरी वर येऊ शकतो. निदान तीन दिवस, जमलं तर त्याहून जास्त, जड काम बंद ठेवून मग रक्त द्या. स्नायूत दिलेल्या इंजेक्शननेही सीपीके वाढतं, म्हणून त्याआधी दुखण्याचं इंजेक्शन नको. डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनचा आणखी एक तोटा आहे. स्नायू खरंच फुटत असतील तर आधीच ताण आलेल्या मूत्रपिंडावर ते दुसरा घाव घालतं. तातडीची खूण असेल तेव्हा मात्र हे तीन दिवस वगैरे विसरा, त्याच क्षणी रक्त द्या.

आकडा वाचताना रिपोर्टवरची त्या लॅबची वरची मर्यादा बघा आणि तुमचा आकडा तिच्या किती पट आहे ते काढा. मर्यादा लॅबनुसार आणि स्त्री-पुरुषांनुसार बदलते. चार पटींच्या आत असेल तर दुखणं किती आहे यावर निर्णय होतो, आणि बरेचदा गोळी चालू ठेवता येते. चार पटींच्या वर आणि सोबत त्रासही असेल तर डॉक्टर गोळी थांबवून काही दिवसांनी पुन्हा मोजतात. दहा पटींच्या वर असेल तर गोळी लगेच बंद, आणि मूत्रपिंडाची तपासणी त्याच दिवशी. सीपीके नॉर्मल आलं म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. गोळीमुळे दुखणाऱ्या बहुतेकांचं सीपीके नॉर्मलच असतं, आणि हे समजूत घालायला पुरेसं आहे की स्नायू फुटत नाहीयेत.

एक नेहमीचा घोळ इथेच मिटवू. एसजीओटी हे एन्झाइम यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं. एसजीओटी बरंच वाढलेलं, एसजीपीटी त्यामानाने कमी आणि सीपीके चढलेलं असेल, तर ते यकृतातून नव्हे, स्नायूंतून आलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा माणसाला कावीळ समजून झाडपाल्याचं औषध पाजणारे महाभाग आजही आहेत.

## ६. गोळी थांबवणं

थांबवायचं ठरलं तर तारीख लिहा, आणि त्या दिवसापासून बाकी काही बदलू नका. गोळी सोडली, त्याच दिवशी मालिश सुरू केलं, कामावरही सुट्टी घेतली आणि डी जीवनसत्त्वही चालू केलं, तर आठ दिवसांनी बरं वाटल्यावर श्रेय कुणाला द्यायचं? डी जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ते जरूर घ्या, पण ते घेतल्याने स्टॅटिनचं दुखणं टळत नाही, असं मोठ्या चाचणीत दिसलं आहे.

गोळीमुळे असलेलं दुखणं साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरतं, कधी दोन महिने लागतात. दोन दिवसांत पूर्ण मोकळं वाटलं तरी केवळ त्यावरून गोळीला दोष देऊ नये. दोन महिने उलटून गेले आणि दुखणं जसंच्या तसं असेल, तर कारण दुसरीकडे आहे. गोळी परत सुरू करून त्या दुखण्याचा वेगळा शोध घ्यावा लागतो.

सावधान: गोळी बंद करूनही ताकद कमीच होत चालली, सीपीके उतरत नाही, तर हा वेगळा आजार असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. लाखात दोन-तीन जणांना होतो, पण आपोआप बरा होत नाही. त्यासाठी रक्तातल्या एका खास प्रतिपिंडाची तपासणी करतात, प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं लागतात आणि स्टॅटिन पुन्हा कधीच देत नाहीत. अशा रुग्णाला मेंदू-मज्जाविकारतज्ज्ञ किंवा संधिवाततज्ज्ञांकडे पाठवणं लांबवू नये.

## ७. पुन्हा सुरू करणं

बहुतेकांची गाडी इथेच अडते. दुखणं गेलं, माणूस खूश, आणि गोळी कायमची सुटते. खरं तर एकदा त्रास झालेल्यांपैकी बरेच जण कमी डोसवर किंवा दुसऱ्या स्टॅटिनवर व्यवस्थित राहतात.

दुखणं पूर्ण गेल्यावर आणि सीपीके खाली आल्यावर डॉक्टर कमी डोसने सुरुवात करतात. रोझुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम हा त्यातला नेहमीचा पर्याय. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात या औषधाची पातळी गोऱ्या लोकांपेक्षा जवळपास दुप्पट जाते, म्हणून आपल्यासाठी ५ हीच सुरुवात सुचवलेली आहे. तेही सोसवलं नाही तर एक दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा देतात, कारण हे औषध शरीरात बराच वेळ टिकतं. एवढ्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, पुरेसं उतरलं नाही तर इझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडतात. ते आतड्यातून कोलेस्ट्रॉल शोषलं जाणं कमी करतं. बेंपेडोइक अ‍ॅसिड हा आणखी एक पर्याय आहे, पण त्याने युरिक अ‍ॅसिड वाढतं, म्हणून गाउट असेल तर आधी सांगा.

पुन्हा सुरू करताना दुसरा टप्पा, म्हणजे खुर्ची आणि नोंद, पहिल्यापासून करा.

## एक प्रकरण आकड्यांसह

समजा, चोपडा तालुक्यातल्या एक आजी आहेत. वय ६६, वजन ४४ किलो, मधुमेह. एलडीएल १४८. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुरू झालं. पहिला महिना काही त्रास नाही, खुर्चीचा आकडा ९. पाचव्या आठवड्यात दोन्ही मांड्या भरून यायला लागल्या, सहाव्यात दादर ज्वारीची भाकरी थापायला खाली बसल्या की उठताना जमिनीवर हात टेकावा लागू लागला. खुर्चीचा आकडा ५.

जागा दोन्हीकडे सारखी, स्नायू मोठे, ताकद उतरलेली. लघवी नेहमीसारखी. म्हणजे १०८ची वेळ नाही, पण थांबायचीही नाही. दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन डॉक्टरांकडे. पिशवीतून इट्राकोनॅझोलची स्ट्रिप निघाली. कमरेवरच्या गजकर्णासाठी तीन आठवड्यांपासून चालू होती. सीपीके टोटल ८६०, लॅबची मर्यादा १७०, म्हणजे पाच पट. क्रिएटिनिन आणि टीएसएच ठीक.

डॉक्टरांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन थांबवलं आणि गजकर्णासाठी पोटातून घ्यायच्या कॅप्सूलऐवजी मलम देता येईल का, हे त्वचेच्या डॉक्टरांना विचारलं. दोन आठवड्यांनी सीपीके २४०. चार आठवड्यांनी १२०, खुर्चीचा आकडा पुन्हा ९, मांड्या मोकळ्या. मग रोझुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम. त्यावर इट्राकोनॅझोलचा परिणाम अगदी थोडा होतो. सहा आठवड्यांनी दुखणं नाही आणि एलडीएल ९० च्या आसपास. लक्ष्य ७० ठेवलं होतं, म्हणून डोस न वाढवता इझेटिमाइब जोडलं. पुढच्या तपासणीत ७१.

वय, कमी वजन, मधुमेह आणि स्त्री असणं या चारही गोष्टी आजींचा धोका आधीच वाढवत होत्या. तरी महिनाभर त्यांना काही झालं नाही. त्रास सुरू झाला तो कॅप्सूल जोडली गेल्यावर. स्ट्रिप पिशवीत नसती तर "आजींना स्टॅटिन सोसत नाही" असा शेरा कागदावर बसला असता आणि तो जन्मभर टिकला असता.

## ८. डॉक्टरांना सांगताना आणि नोंदवताना

भेटीत पाच गोष्टी याच क्रमाने सांगा: औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम; सुरू केल्याची किंवा डोस वाढवल्याची तारीख; दुखणं कुठे आणि कोणत्या तारखेपासून; खुर्चीचा आकडा आधी किती आणि आता किती; आणि मधल्या काळात आलेलं प्रत्येक नवं औषध. एवढं दोन मिनिटांत होतं.

ताकद गेली, सीपीके बरंच चढलं किंवा रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर हा दुष्परिणाम सरकारकडेही नोंदवता येतो. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, आणि रुग्णाला स्वतः भरता येईल असा वेगळा फॉर्मही आहे. फोन करताना स्ट्रिप हातात ठेवा. औषधाच्या नावासोबत बॅच नंबर सांगता आला तर नोंद पक्की होते. बॅच नंबर स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेला असतो, म्हणून गोळ्या फोडताना त्या टोकाची गोळी शेवटी काढा.